फोटोतला फ्रिज आणि न दिसणारी शिळी रात्र

पुण्यात नोकरी करणारी भाची कोल्हापूरच्या आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फ्रिजचा फोटो पाठवते. खाली एकच ओळ : ‘यातलं काय करू?’ फोटोत तीन सुरकुतलेल्या सिमला मिरच्या, वाडगाभर दही, पनीरचं फोडलेलं पाकीट, वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोथिंबीर आणि झाकण लावलेला एक स्टीलचा डबा.

आत्या आधी मेन्यू सांगत नाही. ‘डब्याची झाकणं काढ, पाकिटावरची तारीख दिसू दे, ट्यूबलाइट लाव आणि परत फोटो काढ,’ म्हणते. फ्रिजच्या पिवळ्या दिव्यात पांढरं पनीरही जुनं दिसतं.

दुसऱ्या फोटोत सगळ्यात वाईट दिसते ती सिमला मिरची, आणि खाण्यात काही वावगं नसतं ते तिच्यातच. सुरकुत्या म्हणजे फक्त पाणी उडालेलं. देठाशी बुरशी नाही आणि बोट दाबल्यावर चिकट लागत नाही, एवढं पाहिलं की पीठ पेरून भाजीला ती चालते. अर्धी वाटी बेसन कोरडं, खमंग भाजून घ्यायचं. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, मग मिरचीचे तुकडे, मीठ, तिखट. झाकण ठेवून ती मऊ झाली की पीठ पेरायचं, पाण्याचा हबका मारायचा आणि मंद आचेवर पाचेक मिनिटं वाफ. दही आंबट झालं असेल तर कढीला उलट बरंच. मात्र त्यावर गुलाबी, नारिंगी डाग किंवा बुरशी दिसली, तर वरचा थर काढून भागत नाही, वाडगाच रिकामा करायचा. कोथिंबिरीतल्या काळ्या, बुळबुळीत काड्या फेकून उरलेली धुऊन कढीवर घालायची.

पनीरबद्दल फोटो काही बोलत नाही. पाकिटावरची तारीख न फोडलेल्या पाकिटाची असते. चिकट लागलं किंवा आंबूस वास आला, तर ते जाऊ द्यायचं.

खरी गोम डब्यात. झाकण उघडल्यावर भात पांढरा, मोकळा, फोडणीला बोलावणारा. आत्या विचारते, ‘अगं, शिजवला कधी आणि फ्रिजमध्ये ठेवला कधी?’ शिजवला काल रात्री, ठेवला आज सकाळी.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्यातूनही तगतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला की ते जिवाणू होऊन वाढतात आणि उलटी घडवणारं विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे फोडणी कितीही कडक दिली तरी उपयोग शून्य. वासही बहुधा येत नाही. भात दोन तासांच्या आत, पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये गेला असता, तर दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून खाता आला असता.

भाचीला तो टाकवेना. ‘अन्न आहे गं!’ आत्याचं उत्तर आलं : ‘टाक. वाटीभर तांदूळ नवे लाव, कढी उकळेपर्यंत होतील.’