कोलरिजशी अर्धं भांडण

साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत एखाद्या समीक्षकाचं मत छापलेलं असतं आणि खाली विचारलेलं असतं, 'आपण कितपत सहमत आहात?' विद्यार्थी एक तर समीक्षकाचं नाव मोठं म्हणून मान डोलावतात, नाहीतर दोन पानं बाजूने आणि दोन पानं विरोधात लिहून मोकळे होतात. त्या चार पानांत लिहिणाऱ्याचं स्वतःचं मत कुठेच सापडत नाही.

शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' घेऊ. देवलांच्या 'झुंजारराव'मुळे ही गोष्ट मराठी रंगभूमीलाही ओळखीची आहे. इयागोबद्दल कोलरिजचं मत प्रसिद्ध आहे: त्याच्या दुष्टपणाला मुळात हेतूच नाही, तो नुसती कारणं शोधत राहतो. या मतात दोन दावे आहेत. इयागो कारणं शोधतो, हा एक. त्यातलं एकही खरं नाही, हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे तपासायचे.

पहिला दावा नाटकात टिकतो. सुरुवातीला इयागोची तक्रार असते की बढती डावलून कॅसिओला दिली. त्याच अंकाच्या शेवटी तो म्हणतो, ऑथेल्लोचे माझ्या बायकोशी संबंध असल्याची बोलवा आहे; खरं-खोटं ठाऊक नाही, पण खरं धरून चालेन. दुसऱ्या अंकात कॅसिओवरही तोच संशय. कारणं अशी वाढत जातात, तेव्हा कोलरिजचं म्हणणं पटतं. शिवाय तिसऱ्या अंकात ऑथेल्लो त्याला ती बढती देऊनही टाकतो, तरी कारस्थान थांबत नाही.

दुसरा दावा मात्र एमिलियापाशी अडतो. चौथ्या अंकात ती नवऱ्याला ऐकवते, असल्याच कुणा हलकटाने तुमच्या मनात माझ्याविषयी आणि ऑथेल्लोविषयी संशय भरवला होता. म्हणजे तो संशय इयागोने केवळ प्रेक्षकांसमोर रचलेला नाही, घरात त्यावरून बोलणं झालेलं आहे. संशय खोटा असेल, पण त्याची ठसठस खरी आहे. पाचव्या अंकात कॅसिओच्या रोजच्या चांगुलपणापुढे आपण कुरूप ठरतो, असं इयागो कबूल करतो. तो तर सरळ मत्सर आहे. (एमिलियाचं ते वाक्य बहुतेक उत्तरपत्रिकांत नसतं, कारण सगळे इयागोच्या स्वगतांतच अडकतात.)

आता सहमती 'काही अंशी' म्हणजे नेमकी किती, ते सांगता येतं: इयागोला हेतू आहेत, पण त्याने केलेल्या विध्वंसाला ते पुरे पडत नाहीत. कोलरिजला ती तफावत बरोबर दिसली; तिला त्याने हेतूंचा अभाव म्हटलं, तिथे तो चुकला.

उत्तर भरकटतंय का, हे ओळखायला आपला एखादा परिच्छेद प्रश्नाशिवाय वाचून पाहा. इयागोवरच्या कुठल्याही प्रश्नाला तो चालत असेल तर तो खोडा. आणि तफावतीचं ते वाक्य उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा. शेवटासाठी राखून ठेवलंत तर मधली पानं नुसतं कथानक सांगण्यात जातात.