प्रतिअवकलज आणि निश्चित समाकल : चिन्ह एक, प्रश्न दोन

बारावीच्या गणितात ∫ हे चिन्ह दोन रूपांत भेटते. एकदा त्याच्या वर-खाली आकडे नसतात आणि उत्तराला ‘+ C’ जोडावा लागतो. दुसऱ्यांदा आकडे असतात आणि C नाहीसा होतो. चिन्ह समान असल्यामुळे दोन्ही क्रिया एकच, असा समज होतो. वस्तुतः ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

एक स्कूटर थांबलेल्या स्थितीतून निघते आणि t सेकंदांनी तिचा वेग सेकंदाला 2t मीटर होतो, असे मानू. पहिला प्रश्न असा : कोणत्या फलनाचे अवकलन केले असता 2t मिळेल? उत्तर t². पण t² + 5 किंवा t² + 700 यांचे अवकलनही 2t च येते, कारण स्थिरांकाचा अवकलज शून्य असतो. म्हणून आपण t² + C लिहितो. हा प्रतिअवकलज. तो एक आकडा नसून फलनांचे कुटुंब आहे. स्कूटरच्या मीटरवर आरंभी कोणता आकडा होता, हे केवळ वेगावरून कळत नाही. तो अज्ञात आकडा म्हणजेच C.

दुसरा प्रश्न : पहिल्या सेकंदाच्या अखेरीपासून तिसऱ्या सेकंदाच्या अखेरीपर्यंत स्कूटर किती अंतर गेली? येथे अवकलनाचा संबंधच नाही. बेरीज करायची आहे. हा काळ अर्ध्या सेकंदाच्या चार भागांत विभागू. प्रत्येक भागाच्या आरंभीचा वेग घेतल्यास (2 + 3 + 4 + 5) × 0.5 = 7 मीटर येतात; अखेरचा वेग घेतल्यास (3 + 4 + 5 + 6) × 0.5 = 9 मीटर. खरे अंतर या दोहोंमध्ये आहे. भाग 0.1 सेकंदाचे केले, तर हेच आकडे 7.8 आणि 8.2 होतात. भाग सूक्ष्म होत गेले की दोन्ही बेरजा 8 कडे सरकतात. ही सीमा म्हणजे निश्चित समाकल. तो एक संख्या आहे.

मग दोहोंसाठी एकच चिन्ह का? कारण कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धांत त्यांना जोडतो. फलन त्या अंतरालात सतत असेल, तर त्याच्या कोणत्याही प्रतिअवकलजाच्या दोन टोकांच्या किमतींची वजाबाकी हीच त्या बेरजेची सीमा असते : (9 + C) − (1 + C) = 8. मीटरचा आरंभीचा आकडा कोणताही असो, वजाबाकीत तो निघून जातो.

‘सतत’ ही अट मात्र विसरता कामा नये. 1/x² चा प्रतिअवकलज −1/x आहे. −1 ते 1 या टोकांत किमती घातल्यास (−1) − (1) = −2 येते. परंतु 1/x² नेहमी धन असते. धन राशींची बेरीज ऋण कशी होईल? शून्यापाशी हे फलन अमर्याद वाढते, म्हणून सिद्धांत येथे लागूच पडत नाही. प्रतिअवकलज सापडला म्हणजे निश्चित समाकल मिळालाच, असे नाही.