उशाची भिंत आणि मोरपंखी रंग

घराला रंग काढायचा ठरला की हल्ली बेडरूमची एक भिंत गडद करायचं जवळपास आधीच ठरलेलं असतं. रंगारी तिला 'हायलाइट वॉल' म्हणतात, इंटिरियरवाले 'अ‍ॅक्सेंट वॉल'. मग शेडकार्ड समोर येतं, घरातले सगळे त्यावर वाकतात आणि चर्चा थेट रंगापासून सुरू होते. खरं तर आधी भिंत ठरायला हवी. शेड त्या भिंतीवर पडणाऱ्या उजेडावरून ठरते, आणि एकाच खोलीतल्या चार भिंतींवर चार तऱ्हांचा उजेड असतो.

उदाहरणादाखल ठाण्यातल्या एखाद्या टॉवरमधली 10 बाय 11 फुटांची बेडरूम घेऊ. पश्चिमेला पाच फुटी खिडकी, उत्तरेला भिंतभर कपाट, पूर्वेला दार आणि त्याच्या शेजारी टीव्ही. दक्षिणेच्या 11 फुटी भिंतीला पलंगाचं डोकं लागलेलं. फरशी फिकट बदामी, कपाटाचं लॅमिनेट सागवानी. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात अशा खोल्या पायलीला पन्नास सापडतील.

यातली खिडकीची भिंत अनेकांना पहिल्यांदा सुचते, कारण नजर आपोआप तिकडे जाते. पण नजर जाते ती उजेडाकडे. दिवसा खिडकीतून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो आणि खिडकीभोवतीची भिंत त्याच्या तुलनेत काळपट दिसते. तिथे निळा लावा नाहीतर मेंदी, दुपारी तो रंग म्हणून कळतच नाही. शिवाय खिडकी आणि भिंत यांतला फरक आणखी तीव्र होऊन डोळ्यांना त्रास होतो. दुसरी अडचण पावसाची. ठाण्या-मुंबईत नैर्ऋत्येकडून येणाऱ्या पावसाचा मारा बाहेरच्या भिंतीवर बसतो, ओल आत उतरते आणि पाण्याबरोबर आलेला क्षार पृष्ठभागावर पांढरा फुटतो. ऑफव्हाइट भिंतीवर हा पांढुरका थर सहज लक्षात येत नाही. गडद भिंतीवर मात्र तो लांबूनही दिसतो, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोपडे धरतात.

उत्तरेची भिंत कपाटामागे गेली. पूर्वेच्या भिंतीचे दार, टीव्ही आणि स्विचबोर्ड यांनी इतके तुकडे केलेत की गडद रंग तिथे सलग बसणारच नाही.

उरली उशाची भिंत. ती सलग आहे. दारातून आत येताना ती पूर्ण दिसते आणि पलंगामुळे तिला मध्यही मिळतो. झोपलेल्या माणसाच्या मात्र ती नजरेआड असते. बेडरूमसाठी हा मोठा फायदा आहे, कारण बैठकीत चालेल असा जोरकस रंग रात्री डोळ्यांसमोर नको वाटतो. ज्यांना अंथरुणात पडल्या पडल्या रंग बघायचा असेल, त्यांनी समोरची भिंत जरूर निवडावी. शेड मात्र मग बरीच शांत हवी.

आता रंग. समजा घरच्यांच्या मनात दोन रंग आहेत, मोरपंखी आणि विटकरी. शेडकार्डावर दोन्ही छान दिसतात, पण तिथला चौकोन जेमतेम बोटभर असतो आणि तो पांढऱ्या कागदावर छापलेला असतो. तोच रंग शंभर चौरस फुटांवर पसरला की जास्त भडक वाटतो. म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा त्याच पट्टीतली जरा करडी झाक असलेली शेड बहुतेक वेळा बरी पडते. शेडच्या माहितीत एलआरव्ही दिलेला असेल तर तोही पाहावा. रंग किती उजेड परत फेकतो हे तो 0 ते 100 या मापात सांगतो. ऑफव्हाइटचा आकडा ऐंशीच्या आसपास असतो, गडद मोरपंखीचा दहाच्या. एका भिंतीला इतका गडद रंग दिला तर संध्याकाळी दिवा लवकर लागणार, हे गृहीत धरावं.

नमुना थेट भिंतीवर फासू नये, कारण जुना रंग शेजारीच राहतो आणि डोळा फसतो. दोन फूट लांब-रुंद जाड पुठ्ठ्यावर आधी पांढरा प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात द्यावेत. वाळल्यावर पुठ्ठा त्याच भिंतीला उभा टेकवून सकाळी, दुपारी चारच्या सुमारास आणि रात्री दिवा लावून बघावा. या खोलीत चारचं ऊन पिवळट येतं. त्यात विटकरी पेटल्यासारखा नारिंगी होतो आणि सागवानी कपाटात मिसळून जातो, मोरपंखी थोडा मवाळ होतो. रात्री 3000 केल्विनच्या पिवळ्या एलईडीखाली मोरपंखीतला निळा मागे सरतो, हिरवा पुढे येतो. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली तो पुन्हा निळसर होतो, पण विटकरी तिथे मलूल पडतो. ज्या दिव्यात खोली रोज वापरली जाते, त्यातला रंग खरा मानायचा.

या खोलीत मोरपंखी जिंकतो, आणि त्यामागे कपाटाचा मोठा वाटा आहे. सागवानीत नारिंगी झाक असते आणि निळसर हिरवा तिच्या जवळजवळ विरुद्ध टोकाचा. शेजारी आलेले रंग एकमेकांना बदलतात, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी 1839 साली पुस्तकरूपाने सविस्तर मांडलं. ते पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा धागा फिका पडतो, अशी तक्रार तिथे होती. शेव्रल यांनी तपासलं तेव्हा दोष धाग्याच्या रंगात नव्हता, शेजारच्या रंगांत होता. बेडरूममध्ये हाच नियम उरलेल्या तीन भिंतींना लागतो. मोरपंखीलगत क्रीम लावला तर तो पीच वाटू लागतो. तसं नको असेल तर किंचित करडा ऑफव्हाइट घ्यावा आणि तोही पुठ्ठ्यावर मोरपंखीच्या शेजारी ठेवून बघावा.

भिंत आणि शेड ठरली तरी फिनिशचा प्रश्न उरतो, आणि उशाच्या भिंतीवर तोच सगळ्यात अवघड आहे. खिडकीचा उजेड इथे बाजूने, तिरका येतो. अशा उजेडात पुट्टीतला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो, चकचकीत रंगात तर जास्तच. म्हणून मॅट हवा. पण इथेच केसांच्या तेलाचे डाग पडतात, आणि गडद मॅट घासून पुसला की तिथे चकाकता पट्टा उमटतो. दोन्ही साधायचं तर पलंगाचा पाठफळा गादीच्या वर दीड-दोन फूट येईल असा घ्यावा, म्हणजे डोकं टेकेल तिथे लाकूड किंवा कापड येईल आणि त्याच्यावर निवांत मॅट देता येईल. रंगाऱ्याने पुट्टी घासून झाली की अंधारात भिंतीलगत टॉर्च आडवा धरून खाचखळगे बघावेत. प्रायमरनंतर ती दुरुस्ती दुप्पट वेळ खाते.

ही भिंत साडेनऊ फूट उंच धरली तर क्षेत्रफळ साधारण 105 चौरस फूट भरतं. चांगलं इमल्शन एका लिटरमध्ये एका हाताला ढोबळ सव्वाशे ते दीडशे चौरस फूट जातं, म्हणजे दोन हातांना दीड लिटरच्या आतबाहेर. तरी दोन लिटर घ्यावेत. गडद शेड ज्या बेसमध्ये बनते त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतं, त्यामुळे खालचा थर चटकन झाकला जात नाही आणि तिसरा हात लागू शकतो. प्रायमरमध्ये थोडा करडा रंग मिसळून घेतला तर तो हात अनेकदा वाचतो. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही आणि दुसऱ्या दिवशी मिसळलेला डबा तंतोतंत जुळेल याची खात्री नसते. म्हणून दोन डबे असतील तर रंगाऱ्याने ते आधी एका बादलीत एकत्र करावेत, आणि काम संपल्यावर उरलेला रंग बाटलीत भरून झाकणावर शेड नंबर व फिनिश लिहून ठेवावं.