खानेसुमारीचा एक प्रश्न आणि गुंजीतले उत्तर

बेळगावहून लोंढ्याला जाताना खानापूरच्या पुढे गुंजी स्टेशन लागते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्ह्याबरोबर हा मुलूखही म्हैसूर राज्यात गेला. कोणत्या गावात कोणती भाषा किती, हा हिशेब तेव्हापासून इथे जिव्हाळ्याचा झाला. महाजन आयोगापुढेही महाराष्ट्राची मागणी मुख्यतः गाव हा घटक आणि भाषिक बहुसंख्या यांवर उभी होती. या हिशेबाचे आकडे खानेसुमारीतून येतात. ती भाषेबद्दल नेमके काय विचारत आली, हे मात्र फारसे तपासले जात नाही.

१८८१ साली मातृभाषा विचारली. १८९१ साली आईवडिलांची भाषा विचारली, तर १९०१ साली नेहमी वापरात असलेली भाषा. १९५१ साली पाळण्यापासून बोललेली भाषा नोंदली गेली. १९६१ साली व्याख्या ठरली, ती अशी: लहानपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती, आई लवकर वारली असेल तर घरात मुख्यतः बोलली जाणारी.

समजा, बैलहोंगलकडची कानडी मुलगी लग्न होऊन गुंजीतल्या मराठी घरात आली आणि पंधरा-वीस वर्षांत तिचा सगळा संसार मराठीतून चालू लागला. १९०१ च्या शब्दांत विचारले तर ती मराठी सांगेल, १९६१ च्या शब्दांत कानडी. दोन्ही उत्तरे खरीच. अशा सुना गावात पुष्कळ असतील, तर एकही माणूस न हलता गावाची टक्केवारी हलते. म्हणून दोन खानेसुमारींतला फरक वाचताना आधी प्रश्नाचे शब्द ताडून पाहावेत, स्थलांतराचा विचार नंतर करावा.

दुसरी गफलत उंबरठ्यावर होते. ‘तुमची मराठीच ना?’ असे विचारले की माणूस मान डोलावतो; विचारणारा सरकारी असेल तर अधिकच. हे ओळखूनच प्रगणकांना सूचना आहे की सांगितलेली भाषाच लिहावी, वाद घालू नये. संघटित प्रचारामुळे खोटे सांगितले जात असल्याचा संशय आला तरी स्वतः दुरुस्ती न करता वरिष्ठांना कळवावे. पण सूचना कागदावर राहते आणि ‘च’ बोलण्यात येतो. प्रश्नात भाषेचे नावच नसावे, एवढी खबरदारी तरी घेता येते.

खानेसुमारीबाहेरच्या पाहण्यांत सगळ्यात फसवा तो जोडप्रश्न. ‘मुलांना मराठी शाळा आणि चांगले शिक्षण हवे का?’ याला ‘नको’ कोण म्हणेल? मुलाला कानडी माध्यमात घालू पाहणारा बापही चांगल्या शिक्षणापायी ‘हो’ म्हणतो आणि तो मराठी शाळेच्या बाजूने मोजला जातो. नंतर कितीही आकडेमोड केली तरी त्याचा ‘हो’ कोणत्या अर्ध्याला होता, हे निघत नाही. प्रश्न आधीच तोडावा लागतो: मुलाला कोणत्या माध्यमात घालणार? शाळा निवडताना पहिल्यांदा काय पाहता? आई कोणत्या भाषेत बोलायची, हे वेगळे विचारावे. आज घरात कोणती भाषा जास्त चालते, हेही वेगळे. त्या सुनेची दोन्ही उत्तरे अशाच अर्जात मावतात.