फोटोतल्या चेहऱ्यामागचा माणूस शोधताय? आधी हे वाचा



समजा, तुम्ही सांगलीत घरगुती हळद पावडरचा व्यवसाय करता. एक दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो. समोरचा म्हणतो, "मी गुजरातचा डिस्ट्रिब्युटर, महिन्याला २०० किलो माल उचलतो." प्रोफाइलला चाळिशीतल्या, हसतमुख, चष्मा लावलेल्या माणसाचा स्वच्छ फोटो. तुम्ही 'रजिस्ट्रेशन'चे १५,००० रुपये भरता आणि दुसऱ्या दिवशी तो नंबर बंद होतो. आता तुमच्या हातात काय उरलं? एक फोटो. साहजिकच वाटतं, फोटो आहे म्हणजे माणूस सापडेल.

पण तो चेहरा इमेज जनरेटरने बनवलेला असेल, तर सापडायला माणूसच नसतो. तो लपलेला नाही, तो मुळात नाहीच. हे असं का, ते आज नीट समजून घेऊ.

चेहरा तयार कसा होतो?

ब्राउझरमध्ये thispersondoesnotexist.com ही साइट खूप गाजली होती. फिलिप वांग नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने ती फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू केली. पेज रिफ्रेश केलं की दर वेळी नवा चेहरा. मागे काम करत होतं एनव्हिडिया कंपनीच्या संशोधकांनी २०१८ च्या शेवटी मांडलेलं स्टाइलगॅन हे मॉडेल.

त्यात दोन भाग असतात. एक चित्र बनवणारा, दुसरा तपासणारा. तपासणाऱ्याला ७०,००० खऱ्या माणसांचे फोटो दाखवले होते. बनवणाऱ्याला मात्र त्यातला एकही फोटो कधी दाखवलेला नाही! त्याने चित्र बनवायचं, तपासणाऱ्याने "हे खोटं वाटतंय, इथे चुकतंय" असा इशारा द्यायचा, आणि बनवणाऱ्याने स्वतःत थोडा बदल करायचा. असं लाखो वेळा.

आपल्या भाषेत सांगायचं तर, आत एक बाई चकल्या तळतेय, तिने बाजारातली चकली कधी खाल्लेलीच नाही. बाहेर चव बघणारा बसलाय. तो फक्त सांगतो, "मीठ कमी, अजून खुसखुशीत हवी." शेवटी तिची चकली बाजारातल्यासारखी लागते, पण ती बाजारातली कुठलीच चकली नसते.

एकाचं नाक, दुसऱ्याचे डोळे? नाही!

बऱ्याच जणांना वाटतं की कॉम्प्युटर जुने फोटो कापून जोडतो, म्हणजे थोडं खोदलं तर मूळ माणसं सापडतील. एक साधा हिशोब करू.

ते ७०,००० फोटो साठवायला सुमारे ८९ जीबी जागा लागते. चित्र बनवणाऱ्या भागात मात्र फक्त २ कोटी ६२ लाख आकडे आहेत. एका आकड्याला ४ बाइट धरले तर होतात साधारण १०५ एमबी. भागाकार केला तर एका फोटोच्या वाट्याला जेमतेम दीड केबी. एवढ्याशा जागेत सगळे फोटो जसेच्या तसे राहणं शक्य नाही. तिथे राहतं ते फक्त चेहऱ्यांचं वळण: डोळे कुठे असतात, वय वाढलं की त्वचा कशी दिसते, उजेड गालावर कसा पडतो.

मग प्रत्येक नवा चेहरा येतो कुठून? स्टाइलगॅनला ५१२ आकड्यांची एक यादी दिली जाते. आकडे कसेही, चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखे. त्या यादीवरून चेहरा बनतो. यादीला नाव, गाव, आधार काही चिकटलेलं नसतं.

आता गंमत बघा. आकडे अगदी थोडे बदलले की तोच चेहरा जरासा बदलतो. अजून बदला, अजून वेगळा. असं करत करत पुरुषाच्या चेहऱ्यावरून बाईच्या चेहऱ्यापर्यंत जाता येतं, आणि वाटेतले बहुतेक चेहरे तितकेच खरे वाटतात. मग यातला 'खरा माणूस' कोणता म्हणणार? कोणताच नाही.

फेस सर्चमध्ये 'मॅच' आला तर?

इथेच खरा धोका आहे. चेहरा शोधणारं सॉफ्टवेअर तुमच्या फोटोचे आकडे काढतं आणि त्याच्याकडच्या फोटोंपैकी सगळ्यात जवळचे दाखवतं. जवळचा कोणीतरी नेहमीच असतो. जगात इतकी माणसं आहेत, कोणी ना कोणी मिळताजुळता निघणारच. तुम्ही चिडून त्याचा फोटो "हाच तो चोर" म्हणून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलात, तर एका निर्दोष माणसाची बदनामी होते आणि कायद्याच्या कचाट्यात तुम्ही सापडता.

मग कधी माणूस असतो?

काही वेळा असतो. कोणी खऱ्या माणसाचा फोटो देऊन त्यावरून चित्र बनवलं, किंवा प्रसिद्ध व्यक्तीचं नाव टाकून बनवलं, तर त्यामागे खरी व्यक्ती आहे. नव्या मॉडेलमध्ये एकच फोटो शिकवताना अनेकदा आला असेल, तर तो जवळजवळ तसाच बाहेर पडू शकतो. २०२३ मध्ये संशोधकांनी स्टेबल डिफ्यूजनमधून असे शंभरेक फोटो काढून दाखवले. पण त्यासाठी त्यांना प्रचंड संख्येने चित्रं बनवावी लागली.

आणि फोटो जनरेटरचा नसून चोरलेला असेल, तर त्यातला माणूस खरा असतो, पण फसवणारा तो नसतो. म्हणजे दोन्हीकडून चेहरा तुम्हाला चोरापर्यंत नेत नाही.

ओळखायचं कसं?

स्टाइलगॅनच्या चेहऱ्यांत डोळे फोटोत जवळजवळ ठरावीक जागीच येतात, कारण शिकवलेले सगळे फोटो तसे लावून घेतले होते. दोन कानांत वेगवेगळी कानातली, चष्म्याची एक बाजू वेडीवाकडी, मागे कशाचाच अर्थ न लागणारा देखावा, या खुणाही दिसतात. पण नव्या टूल्समध्ये त्या बऱ्याच कमी झाल्यात. खूण दिसली तर सावध व्हा. नाही दिसली म्हणून विश्वास ठेवू नका.

चेहरा सोडा, कागद धरा

चेहऱ्यामागे माणूस नसला तरी पैसे घेणाऱ्या खात्यामागे कोणीतरी असतोच. म्हणून पैसे देण्याआधी जीएसटी नंबर मागा. तो १५ अंक-अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गुजरात २४), पुढची दहा पॅनची. जीएसटी पोर्टलवर तो टाकला की कायदेशीर नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. नंबर दुसऱ्याचाही वापरलेला असू शकतो, म्हणून बँक खात्याचं नाव त्या नावाशी जुळतंय का, ते बघा. नाव जुळत नाही? व्यवहार तिथेच थांबवा.

पैसे गेलेच असतील तर फोटो शोधण्यात दिवस घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. तिथे द्यायच्या गोष्टी म्हणजे मोबाइल नंबर, यूपीआय आयडी, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट. जितक्या लवकर कळवाल, तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त.