पावसात लटकणारं कुलूप

देवगडकडच्या आंब्याच्या बागांची फाटकं हंगाम संपला की क्वचितच उघडली जातात. कुलूप चार महिने पावसात लटकत राहतं. दसऱ्याच्या सुमारास किल्ली घालावी, तर ती फिरते, पण कडी काही वर येत नाही.

किल्ली फिरतेय म्हणजे बिघाड बहुधा आतल्या यंत्रणेत नसून कडीत आहे. पावसाचं पाणी कडीच्या दोन्ही पायांवरून ओघळत भोकांत उतरतं आणि तिथेच मुरतं. बाजारातल्या बहुतेक कड्या पोलादाच्या, वर क्रोमचा मुलामा दिलेल्या. कोयंड्याला आणि भोकाच्या काठाला घासून तो मुलामा खरवडला जातो आणि खालचं पोलाद गंजू लागतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. भोकात मोकळी जागा असते जेमतेम केसभर, त्यामुळे कडी आवळून बसते.

म्हणून अशा फाटकाला स्टेनलेस स्टीलची कडी घ्यावी. त्यातही समुद्र जवळ असेल तर ३१६ जातीची. तिच्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे खाऱ्या हवेत ती नेहमीच्या ३०४ पेक्षा जास्त टिकते. मात्र पोलादाला पाणी देऊन जसं कठीण करतात, तसं या दोन्ही जातींना करता येत नाही. पाणी दिलेल्या कडीपेक्षा ही कडी मोठ्या कात्रीने लवकर तुटते. पावसाळ्यात बागेत चोरण्यासारखं फारसं नसतं, तेव्हा तिथे हे चालून जातं. आत पंप किंवा खताची पोती असतील, तर पाणी दिलेली जाड कडीच बरी. ती दोन-तीन पावसाळ्यांनी बदलावी लागेल, हे गृहीत धरायचं.

कुलपाचं अंग भरीव पितळेचं हवं. पितळ हिरवट-काळं पडतं, पण लोखंडासारखं फुगत नाही. पत्र्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेलं अंग मजबूत असतं खरं, पण चकत्यांच्या फटींतून पाणी आत झिरपतं. आपल्याकडच्या लोकप्रिय लिव्हरच्या कुलपांत लिव्हर आणि स्प्रिंगा पोलादाच्या असल्या, तर आधी त्याच गंजतात. मग किल्ली फिरतच नाही. पितळी पिनांचं कुलूप इथे उजवं.

दुकानात जाताना खिशात एक लोहचुंबक ठेवा. पिवळ्याधमक अंगाला तो घट्ट चिकटला तर ते पितळी मुलाम्याचं लोखंड आहे. मात्र जस्ताचं ओतीव अंग या परीक्षेत सुटून जातं, कारण जस्तालाही चुंबक चिकटत नाही. त्यासाठी कडीच्या भोकाचा काठ नीट बघावा: मुलामा उडालेल्या जागी राखाडी धातू दिसतो.

घरी आणल्यावर भोकांत तेलाचे थेंब सोडायचा मोह होतो. तेलावर धूळ बसून चिखल होतो. ग्रॅफाइटची भुकटी फुंकावी, आणि किल्लीचं भोक खाली राहील असं कुलूप लटकवावं.