द्राक्षातला सीसीसी आणि प्रयोगशाळेची परीक्षा

2010च्या हंगामात महाराष्ट्रातून युरोपात गेलेली द्राक्षं तिथल्या तपासणीत अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाच्या रसायनाचा अंश त्यांत मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ अतोनात होऊ नये आणि काडीत घड चांगले तयार व्हावेत, म्हणून ते फवारायची पद्धत होती. युरोपची मर्यादा होती किलोमागे 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे एक टन द्राक्षांत 50 मिलिग्रॅम. माल इथून निघण्यापूर्वी तपासला जात होता, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत सीसीसी नव्हतं.

मग यादीत एक नाव वाढवायचं, एवढंच ना? नाही. अडचण तिथूनच सुरू होते. द्राक्षातली कीटकनाशकं शोधताना फळ वाटून ते इथाइल अ‍ॅसिटेटसारख्या द्रावकात घुसळतात. बहुतेक कीटकनाशकं पाण्यापेक्षा या द्रावकात जास्त रमतात, त्यामुळे ती अर्कात उतरतात. सीसीसीच्या रेणूवर मात्र कायम धन विद्युतभार असतो. तो पाणी सोडतच नाही. अशा पद्धतीने सीसीसी शोधलं, तर ते द्राक्षाच्या रसात राहतं आणि यंत्रात जाणारा अर्क कोरा असतो. अहवालावर ‘आढळले नाही’ असं येतं. यंत्र खोटं बोललेलं नसतं, त्याच्यापर्यंत काही पोचलेलंच नसतं.

हे कळण्याचा मार्ग एकच. ज्यात सीसीसी नाही याची खात्री आहे अशा द्राक्षांच्या लगद्यात ते मोजून घालायचं आणि किती परत मिळतं ते पाहायचं. प्रयोगशाळेत याला ‘स्पाइक करणं’ म्हणतात आणि परत मिळालेल्या टक्केवारीला रिकव्हरी. जुन्या पद्धतीत ती जवळजवळ शून्य येते. म्हणून सीसीसीसाठी वेगळी पद्धत लागते: 10 ग्रॅम लगदा, त्यात 1 टक्का फॉर्मिक आम्ल मिसळलेलं 10 मिली मेथॅनॉल, जोरात हलवणं, सेंट्रिफ्यूज, गाळणं आणि मग एलसी-एमएस. ही पद्धत दुसरीकडे चालते म्हणून आपल्याकडे चालेलच असं नाही. आपल्या यंत्रावर, आपल्या माणसांच्या हातून, आपल्या द्राक्षांवर ती सिद्ध करावी लागते. तेच व्हॅलिडेशन.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्षातही असेच येतात. सहा नळ्यांत कोऱ्या द्राक्षाचा लगदा घेतला आणि प्रत्येकीत किलोमागे 0.05 मिलिग्रॅम या हिशेबाने सीसीसी घातलं. ते लगद्यात मुरावं म्हणून थोडा वेळ तसंच ठेवलं. मग सहाही नळ्या पूर्ण पद्धतीतून नेल्या. उत्तरं आली 0.024, 0.025, 0.025, 0.026, 0.025 आणि 0.025. सहा आकडे एकमेकांना धरून आहेत. फरक इतका थोडा, की नवखा विश्लेषक खूश होईल. पण घातलं होतं 0.05 आणि मिळालं त्याच्या निम्मं.

इथे अचूकता आणि सातत्य या दोन गोष्टी वेगळ्या होतात. आकडे पुन्हापुन्हा तेच येणं म्हणजे सातत्य, खऱ्या मूल्याजवळ येणं म्हणजे अचूकता. चूक विस्कळीत असेल तर हात, पिपेट किंवा यंत्राची अस्थिरता तपासावी. चूक इतकी शिस्तीत येत असेल, तर दोष बहुधा हिशेबात असतो. इथे तसाच होता. 10 ग्रॅम द्राक्षात सुमारे 8 मिली पाणी असतं. मेथॅनॉल 10 मिली घातलं, तरी अर्क 10 मिली नसतो, 18च्या आसपास असतो. सीसीसी त्या सगळ्यात पसरतं. हिशेब मात्र 10 मिलीवर केला होता. उपाय सोपा आहे. सुरुवातीलाच 2 मिली पाणी घालून द्राक्षातलं पाणी 10 मिली करायचं आणि हिशेब 20 मिलीवर मांडायचा.

दुरुस्तीनंतर आकडे आले 0.044, 0.046, 0.041, 0.047, 0.043 आणि 0.045. सरासरी 0.0443, म्हणजे रिकव्हरी 89 टक्के. आकड्यांचा विखुरलेपणा सरासरीच्या 5 टक्क्यांच्या आत. युरोपच्या मार्गदर्शक नियमांत रिकव्हरीची सरासरी 70 ते 120 टक्के आणि विखुरलेपणा 20 टक्क्यांपर्यंत चालतो. तरीही मी इथे थांबणार नाही. हेच काम दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या विश्लेषकाने करून पाहायला हवं. एकाच सकाळी एकाच हाताने आणलेलं सातत्य फारसं काही सांगत नाही.

आता सर्वांत कमी किती मोजता येतं, हा प्रश्न. यंत्राच्या पडद्यावर तळाशी सतत बारीक थरथर असते. सीसीसीचं शिखर तिच्या तिप्पट उंच असेल तर ‘काहीतरी आहे’ एवढं म्हणता येतं. त्याला शोधमर्यादा म्हणतात. पण ‘आहे’ म्हणणं आणि ‘इतकं आहे’ म्हणणं यांत अंतर आहे. म्हणून मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यावर, 0.01 मिलिग्रॅमवर, पुन्हा नळ्या स्पाइक करायच्या. तिथेही रिकव्हरी आणि सातत्य नियमात बसलं, तरच 0.01पर्यंत मोजतो असं लिहायचं. शुद्ध मेथॅनॉलमधल्या द्रावणावरून ही मर्यादा ठरवण्याचा मोह होतो, कारण तिथे शिखर सुरेख येतं. पण द्राक्षाच्या अर्कातली साखर आणि आम्लं यंत्रात सीसीसीबरोबर पोचली, तर त्याचं आयनीकरण दडपतात आणि तेवढ्याच सीसीसीचं शिखर बुटकं होतं. तुलनेचं प्रमाण द्रावण म्हणूनच कोऱ्या द्राक्षाच्या अर्कात बनवायचं.

याहून पक्का उपाय म्हणजे ड्युटेरियम घातलेलं सीसीसी. ते रासायनिकदृष्ट्या सारखंच, फक्त वजनाने जड असतं, त्यामुळे यंत्र दोन्ही वेगळी ओळखतं. लगद्यातच ते ठरावीक प्रमाणात घातलं, की वाटेत दोघांचाही सारखाच भाग हरवतो आणि गुणोत्तर टिकतं. वर सांगितलेली पाण्याची चूकही त्यात आपोआप भरून निघाली असती. पण म्हणूनच सावध राहावं लागतं. निम्मा माल हरवला तरी रिकव्हरी शंभराजवळ दिसते आणि दरम्यान संवेदनक्षमता घसरलेली असते. जड सीसीसीचं स्वतःचं शिखर किती उंच आहे, हेही दर खेपेला पाहायला हवं.

एवढं करूनही एक फट उरते. आपण सीसीसी वाटलेल्या लगद्यात वरून घालतो. बागेत ते पानांवाटे वेलीत शिरतं आणि पेशींच्या आतून घडात पोचतं. युरोपात पेअरच्या झाडांवर आदल्या वर्षी मारलेलं क्लोरमेक्वाट पुढच्या वर्षीच्या फळात सापडलं आहे, इतकं ते झाडात टिकतं. असा आत मुरलेला अंश द्रावकाने पूर्ण बाहेर काढला की नाही, हे स्पाइक केलेली नळी सांगू शकत नाही. त्यासाठी खरोखर फवारणी झालेल्या वेलीची द्राक्षं घ्यायची, लगदा अधिक बारीक करून, अधिक वेळ हलवून, एकदा काढलेल्या चोथ्यातून दुसऱ्यांदा अर्क काढून पाहायचा. दुसऱ्या अर्कात लगद्यात उरलेल्या द्रवापुरतंच सीसीसी आलं तर पद्धत पुरेशी आहे. त्याहून जास्त आलं, तर 89 टक्क्यांची रिकव्हरी कागदावर असूनही हलवण्याचा वेळ वाढवावा लागतो आणि सहाही नळ्या पुन्हा पहिल्यापासून लावाव्या लागतात.